गट नंबर 247 की 274?

खरेदीखताची प्रत समोर आली की आपली नजर आधी आपल्या नावाकडे जाते, मग रकमेकडे आणि शेवटी फोटो-अंगठ्यांच्या पानाकडे. मिळकतीच्या वर्णनाच्या चार-पाच ओळी मात्र बहुतेक जण वाचतच नाहीत. ‘जमीन तर आपण पाहिलेली आहे, बांधावर उभे राहून आलो आहोत, मग त्यात वाचायचे काय?’ असे वाटते. पण कायद्याने बांध पाहिलेला नसतो. त्याच्यासमोर असतात त्याच चार-पाच ओळी, आणि त्यातला एक आकडा चुकला तर आपण पैसे मोजलेली जमीन कागदावर विकणाऱ्याचीच राहते.

अशी चूक दुरुस्त करण्यासाठी जो दस्त केला जातो त्याला आपल्याकडे चूक दुरुस्ती दस्त किंवा चूक दुरुस्ती लेख म्हणतात. तो कधी चालतो, कसा लिहायचा आणि कुठे त्याचा उपयोग संपतो, हे समजण्यासाठी एक व्यवहार उदाहरण म्हणून घेऊ. नावे नकोत. खरेदीदार पुण्यात नोकरी करणारे एक शिक्षक आहेत आणि विकणारे त्यांच्या गावचे एक वयस्कर शेतकरी.

एक व्यवहार, एक उलटलेला आकडा

2008 साली शिक्षकांनी गावी दोन एकर जमीन घेतली. सातबाऱ्यावर ती गट नंबर 247, क्षेत्र 0 हेक्टर 81 आर. पूर्ण गटच विकत घेतला, पैसे चेकने दिले, त्याच दिवशी ताबा मिळाला. तेव्हापासून शिक्षकांचा धाकटा भाऊ ती जमीन कसतो. खरेदीखत तालुक्याच्या गावी दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदले गेले. लिहिताना 247 चे 274 झाले. मजकुरात एकदा झाले, आणि पुढे तोच मजकूर उतरवत गेल्याने मिळकतीच्या परिशिष्टातही तेच आले.

फेरफार नोंदीची वेळ आली तेव्हा तलाठ्याने दस्त पाहिला. गट 274 च्या सातबाऱ्यावर विकणाऱ्याचे नावच नव्हते, तिथे दुसरेच कुटुंब होते. त्यामुळे ती नोंद रद्द झाली. शिक्षक पुण्यात आणि भाऊ शेतात, त्यामुळे नोंद रद्द झाल्याचे कोणाच्या ध्यानात आले नाही. जमीन हातात होती, पीक निघत होते, कोणी हटकत नव्हते. 2016 मध्ये विकणारे वारले. त्यांच्या मुलांनी वारसनोंद केली आणि गट 247 च्या सातबाऱ्यावर पत्नी, दोन मुलगे आणि एक विवाहित मुलगी अशी चार नावे चढली. वारसनोंद करणाऱ्यांनी फसवले असे नाही. वडिलांच्या नावावर जे-जे होते ते सगळे त्यांच्या नावावर आले, इतकेच.

2023 मध्ये शिक्षकांना विहिरीसाठी कर्ज हवे होते. बँकेने सातबारा मागितला आणि तेव्हा पंधरा वर्षांची ही गाठ उघडी पडली.

आधी हे ठरवा, चूक कुठल्या कागदात आहे

अशा वेळी माणूस घाईने ‘दुरुस्ती दस्त करून टाकू’ म्हणतो. पण त्याआधी तीन कागद शेजारी-शेजारी ठेवून वाचावे लागतात. एक नोंदणी झालेले खरेदीखत, दुसरी त्याच्या नोंदणीचा गोषवारा असलेली सूची क्रमांक दोन, म्हणजे ज्याला सगळे ‘इंडेक्स टू’ म्हणतात ती, आणि तिसरा सातबारा त्याच्या फेरफारासह. चूक या तिन्हींपैकी नेमकी कुठे शिरली, त्यावर रस्ता ठरतो.

खरेदीखतात 247 बरोबर आहे, पण इंडेक्स टूमध्ये 274 पडले आहे, तर चूक नोंदणी करताना माहिती भरण्यात झाली. त्यासाठी नवा दस्त लागत नाही. मूळ दस्ताची प्रत जोडून दुय्यम निबंधकाकडे अर्ज करायचा. खरेदीखत आणि इंडेक्स दोन्ही बरोबर, पण फेरफार लिहिताना किंवा सातबारा संगणकावर चढवताना आकडा बदलला, तर ती महसूल दप्तरातली लेखनचूक. तिच्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 155 खाली तहसीलदाराकडे अर्ज करायचा असतो. खरेदीखतातच चूक असेल, तरच चूक दुरुस्ती दस्त.

हा फरक लोकांचे महिनोन् महिने वाचवतो. कारण उलट दिशेने जाऊन उपयोग नसतो. दस्तातच 274 असेल तर तहसीलदार कलम 155 खाली तो दस्त बदलू शकत नाही. तो फक्त आपल्या दप्तरातली चूक सुधारतो. दुय्यम निबंधकही नोंदलेल्या दस्तात खाडाखोड करून आकडा नीट करून देऊ शकत नाही. दस्त लिहिला आहे दोन पक्षकारांनी, त्यामुळे त्यातला शब्द बदलायचा तो त्या दोन पक्षकारांनीच, आणि तोही दुसऱ्या नोंदणीकृत दस्ताने.

चूक आहे हे कागदच सांगतो

शिक्षकांच्या खरेदीखतात एक गोष्ट त्यांच्या बाजूने होती. मिळकतीचे वर्णन असे होते: ‘गट नंबर 274, क्षेत्र 0 हे. 81 आर. चतुःसीमा: पूर्वेस गट नंबर 248, दक्षिणेस ओढा, पश्चिमेस गट नंबर 246, उत्तरेस शिवरस्ता.’

या ओळी सावकाश वाचा. एका बाजूला 246 आणि दुसऱ्या बाजूला 248. मधला गट 274 कसा असेल? गावनकाशा काढला तर 246 आणि 248 च्या मध्ये 247 च दिसतो, त्याच्या खालून ओढा जातो आणि वरून शिवरस्ता. 274 गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे. शिवाय त्या दिवशीच्या सातबाऱ्यावर विकणाऱ्याच्या नावे असलेला 81 आरचा गट 247 च होता. 274 त्यांच्या नावे कधीच नव्हता, म्हणजे तो ते विकूच शकत नव्हते. खरेदीखताला जोडलेला सातबाराही 247 चाच होता.

चूक की फेरबदल, हे ओळखायचे ते असे. दस्त ज्या दिवशी झाला त्या दिवशी दोघांच्या मनात कुठली जमीन होती, हे त्या दिवसाच्या कागदांवरून आणि जागेवरून दिसले पाहिजे. साठेखत, मोजणीचा नकाशा, चतुःसीमा, ताबा, त्या वेळचा सातबारा आणि किंमत हे सगळे एकाच जमिनीकडे बोट दाखवत असतील आणि फक्त नंबरच वेगळा असेल, तर ती चूक.

आपल्या न्यायालयांनीही हा विचार फार पूर्वी मान्य केला आहे. साठ वर्षांपूर्वीच्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयापुढे हुकूमनाम्यात आणि विक्री दाखल्यात प्लॉट नंबर 1060 ऐवजी 160 पडल्याचा प्रश्न आला होता. सीमा स्पष्ट दिलेल्या होत्या, म्हणून न्यायालयाने ते वर्णनातली चूक मानले आणि विकली गेलेली जमीन तीच, 1060 ची, असे ठरवले. पण त्याच निकालात असेही म्हटले आहे की सीमा दिल्याच नसत्या आणि फक्त नंबर असता, तर गोष्ट वेगळी झाली असती. म्हणून खरेदीखतात चतुःसीमा लिहिताना ‘मूळ सातबाऱ्याप्रमाणे’ असे मोघम लिहून कधीही भागवू नये. त्या चार ओळी पुढे कधीतरी तुमचे साक्षीदार होतात.

मग न्यायालय असे मानत असेल तर दुरुस्ती कशाला? कारण बँक, तलाठी आणि पुढचा खरेदीदार निकालपत्र वाचत बसत नाहीत, ते नंबर पाहतात. गट 247 चा शोध घेतला तर विक्रीची नोंद सापडत नाही. सातबाऱ्यावर चार वारसांची नावे आहेत. उद्या त्यातल्या एकाने आपला हिस्सा विकायला काढला किंवा त्यावर कर्ज घेतले, तर घेणारा म्हणेल, ‘मी दप्तर तपासले, मला काय ठाऊक?’ भाऊ जमीन कसत होता ही शिक्षकांची मोठी ढाल होती. कारण जागेवर दुसऱ्याचा ताबा असेल, तर त्याच्या हक्काची चौकशी करणे ही घेणाऱ्याची जबाबदारी, असा मालमत्ता हस्तांतरण कायद्याचा दंडक आहे. पण ढाल असली तरी लढाई टळत नाही. त्यात गट 274 च्या कुटुंबाचीही अडचण आहे. त्यांनी काहीही विकलेले नाही, तरी त्यांच्या गटाचा शोध घेतला की शिक्षकांचे खरेदीखत वर येते. दुरुस्ती झाली की तेही मोकळे होतात.

सही कोणाची हवी

चूक दुरुस्ती दस्तावर मूळ दस्तातल्या दोन्ही बाजू हव्यात, लिहून देणार आणि लिहून घेणार. एकट्या खरेदीदाराने ‘माझ्या दस्तात चूक झाली’ असे लिहून नोंदवून ठेवले, तर विकणारा त्याने बांधला जात नाही.

विकणारा हयात नसेल तर त्याचे सगळे वारस हवेत. या व्यवहारात ती चार माणसे होती. दोन्ही मुलगे लगेच तयार झाले. त्यांना जमीन वडिलांनी विकली हे माहीत होते आणि पैशांचा चेकही वडिलांच्या खात्यात जमा झाला होता. आई सही करायला तयार होती. राहिली मुलगी, ती नागपूरला. मुलगे म्हणाले, ‘ताईचं कशाला, आम्ही तिघं पुरे आहोत.’

ते पुरे नव्हते. वडिलांच्या मृत्यूनंतर हिंदू वारसा कायद्याने मुलगी बरोबरीची वारस आहे आणि सातबाऱ्यावर तिचे नाव चढलेले आहे. तिच्या सहीशिवाय दस्त नोंदला गेला असता, तरी तिच्या हिश्श्यापुरती ती गाठ तशीच राहिली असती. आणि लग्न झालेल्या लेकीला ‘सही तेवढी कर’ म्हणून न सांगता, काय लिहिले आहे ते वाचून दाखवायला हवे. ती आपला हक्क सोडत नाही, वडिलांनी पैसे घेऊन आधीच विकलेल्या जमिनीचा नंबर तेवढा बरोबर करून देत आहे, हे तिला समजले पाहिजे. फोनवर नीट समजावल्यावर तिने एकच विचारले, ‘बाबांनी जमीन विकली होती ना? मग मी अडवणार कशाला?’

प्रवास शक्य नसेल तर ती भावाला कुलमुखत्यारपत्र देऊ शकते. पण नोटरीसमोर केलेले कुलमुखत्यारपत्र नोंदणीच्या कामाला चालत नाही. नोंदणी कायद्याच्या कलम 33 प्रमाणे ते तिच्या राहण्याच्या ठिकाणच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर झालेले हवे, म्हणजे इथे नागपुरात. आणि विकणारा हयात असताना कोणाला कुलमुखत्यारपत्र दिले असले, तरी तो वारल्यावर सहसा ते संपते. त्या जुन्या पत्रावर आज दुरुस्ती करून देता येत नाही, याची ज्यांना कल्पना नसते त्यांचा दस्त पुढे अडचणीत येतो.

वारसांत कोणी अज्ञान असेल तर काम अवघड होते. अज्ञान मुलाच्या स्थावर मिळकतीबद्दल पालकाला आपल्या मर्जीने व्यवहार करता येत नाही, न्यायालयाची परवानगी लागते. इथे जमीन तर आधीच विकलेली आहे असे म्हणता येते, पण तो मुद्दा वकिलाकडून तपासून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

दस्तात काय लिहायचे

चूक दुरुस्ती दस्त सहसा तीन-चार पानांचा असतो. त्यात मूळ दस्ताची ओळख पुरेपूर हवी: कुठल्या दुय्यम निबंधक कार्यालयात, कुठल्या तारखेला, कुठल्या अनुक्रमांकाने नोंदला गेला. पक्षकार मूळ दस्ताच्याच क्रमाने यावेत, म्हणजे वाचणाऱ्याला दोन दस्त जोडून वाचता येतात. विकणारा मयत असल्याने त्याचा मृत्यूचा दिनांक, वारसनोंदीचा फेरफार क्रमांक आणि सगळे वारस यांचा उल्लेख येतो.

मग चूक कशी झाली आणि ती चूक आहे हे कशावरून, ते सांगायचे. इथेच बरेच दस्त लंगडे पडतात. ‘नजरचुकीने गट नंबर चुकला’ एवढ्यावर थांबू नये. त्या तारखेचा गट 247 चा सातबारा विकणाऱ्याच्या नावे होता, चतुःसीमेत 246 आणि 248 आहेत, ताबा 247 चाच दिला व आजतागायत आहे, 274 विकणाऱ्याच्या नावे कधीच नव्हता, असे एक-एक कारण लिहावे. पुढे कोणी हा दस्त वाचला तर त्याला दुसरीकडे विचारायला जावे लागू नये.

नंतर येतो प्रत्यक्ष दुरुस्तीचा मजकूर, आणि तो असा हवा:

‘मूळ खरेदीखतातील पान क्रमांक 2 वरील ओळ 9 मध्ये व पान क्रमांक 4 वरील मिळकतीच्या परिशिष्टात जेथे जेथे “गट नंबर 274” असा उल्लेख आला आहे, तेथे तेथे “गट नंबर 247” असे वाचावे व समजावे.’

मूळ दस्त पानापानाने वाचून चूक किती ठिकाणी आहे ते मोजून घ्यावे लागते. परिशिष्टात दुरुस्ती केली आणि मजकुरातला आकडा तसाच राहिला, तर पुढच्या तपासणीत नवीन शंका निघते. दुरुस्तीनंतर पूर्ण मिळकतीचे वर्णन पुन्हा एकदा, बरोबर करून, दस्ताच्या शेवटी द्यावे. त्याखाली स्पष्ट म्हणावे की किंमत, ताबा, अटी यांत कसलाही बदल नाही, या दस्ताने कोणताही नवा मोबदला घेतलेला नाही, आणि हा दस्त मूळ खरेदीखताचा अविभाज्य भाग म्हणून वाचावा.

सोबत मूळ दस्ताची प्रत, इंडेक्स टू, दोन्ही गटांचे सातबारे, गावनकाशाचा उतारा, मृत्यूचा दाखला आणि वारसनोंदीचा फेरफार जोडावा. 274 चा सातबारा जोडायचे लोक विसरतात. तो जोडला की 274 चा विकणाऱ्याशी काहीही संबंध नव्हता हे एका नजरेत दिसते.

मुद्रांक आणि नोंदणी

मूळ खरेदीखतावर पूर्ण मुद्रांक शुल्क भरलेले असते. त्याच व्यवहारातली निव्वळ चूक सुधारायची असेल तर दुसऱ्यांदा पूर्ण शुल्क लागत नाही, नाममात्र मुद्रांकावर काम होते. ऑक्टोबर 2024 पासून राज्यात शंभर रुपयांच्या नाममात्र मुद्रांकाची जागा पाचशे रुपयांनी घेतली, तेव्हा जुना अंदाज धरून जाऊ नये. पण दुरुस्तीमुळे मिळकतीचे मूल्य वाढत असेल, जास्त क्षेत्र येत असेल किंवा जास्त दराच्या विभागातला गट येत असेल, तर फरकाच्या शुल्काचा प्रश्न नक्की उठतो. त्यावर उत्तर तयार ठेवून जावे, म्हणजे त्या दिवशीचे दोन्ही गटांचे वार्षिक बाजारमूल्य दर काढून ठेवावेत.

दस्त लिहून सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत तो नोंदणीसाठी सादर करायचा असतो. कार्यालयात मूळ दस्तासारखीच प्रक्रिया होते: सगळे पक्षकार हजर, ओळखीचे दोन जण, फोटो, अंगठे, कबुली. काही तासांचे काम असते. पण तिथे हजर असलेल्या म्हाताऱ्या आईला अंगठा ठेवताना कशावर ठेवतो आहोत हे कळले पाहिजे. मी तरी प्रत्येक वेळी दुरुस्तीची ती एक ओळ मोठ्याने वाचून दाखवतो.

दस्त झाला, सातबारा राहिला

चूक दुरुस्ती दस्त हाती आला म्हणून सातबारा आपोआप बदलत नाही, आणि इथेच लोक दुसऱ्यांदा थांबतात. आता मूळ खरेदीखत आणि दुरुस्ती दस्त दोन्ही जोडून तलाठ्याकडे, म्हणजे आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांच्याकडे, अर्ज करायचा. संगणकीकृत पद्धतीत नोंदणीची माहिती तिकडे जाते, पण शिक्षकांसारख्या जुन्या दस्ताच्या प्रकरणात दोन्ही कागद हातात घेऊन जाणे शहाणपणाचे.

मग फेरफार नोंद तयार होते, हितसंबंधितांना नोटीस जाते, आणि पंधरा दिवसांत कोणाची हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतात. गट 247 वरची चार वारसांची नावे कमी होऊन शिक्षकांचे नाव लागते. हरकत आली तर नोंद तक्रारी होते आणि सुनावणी लागते. म्हणून वारसांना आधी भेटणे, त्यांना दस्त वाचून दाखवणे, हा उपचार नसून कामाचा भाग आहे. फेरफार प्रमाणित झाल्यावर नवा सातबारा काढून तो वाचा. गट, क्षेत्र आणि नावाचे स्पेलिंग पुन्हा एकदा तपासा.

शेतीवर कर्ज असेल तर आणखी एक पाऊल. बँकेकडे गहाणखतात किंवा हक्कलेख ठेवल्याच्या नोंदीत जुनाच नंबर असेल, तर बँकेचे कागदही वेगळे दुरुस्त करावे लागतात. खरेदीखत बरोबर झाले म्हणून गहाणखत बरोबर होत नाही.

क्षेत्राची चूक जास्त फसवी

नंबर चुकला तर तो कुठे ना कुठे अडतो. क्षेत्र चुकले तर मात्र वर्षानुवर्षे काही होत नाही, कारण प्रत्येक कागद आपापल्या जागी शांत असतो. बहुतेक वेळा घोळ होतो तो एकर-गुंठ्यांत बोलायच्या सवयीमुळे आणि हेक्टर-आरमध्ये लिहायच्या पद्धतीमुळे. एक एकर म्हणजे 40 गुंठे, आणि एक गुंठा म्हणजे जवळजवळ एक आर. एक हेक्टर म्हणजे 100 आर. बोलताना ‘चाळीस गुंठे’ ठरते आणि लिहिणारा 0 हे. 40 आर लिहितो, इथपर्यंत ठीक. पण दशांशात लिहिताना 0.40 चे 0.04 झाले तर एकराचे चारच गुंठे होतात. ‘एक हेक्टर आठ आर’ हे 1.08 ऐवजी 1.80 लिहिले तर विकणाऱ्याने 72 आर जास्त दिल्यासारखे दिसते.

अशा ठिकाणी किंमत उपयोगी पडते. त्या वर्षी एकराचा भाव काय ठरला होता आणि दस्तात किती मोबदला लिहिला आहे, याचा भागाकार केला की कुठले क्षेत्र ठरले होते ते कळते. सातबारा आणि मोजणीचा नकाशा जोडला की चूक सिद्ध होते.

पण क्षेत्राबद्दल एक वेगळीच तक्रार येते आणि ती चूक दुरुस्ती दस्ताने सुटत नाही. दस्तात 81 आर, सातबाऱ्यावर 81 आर, आणि प्रत्यक्ष मोजणी केली तर जमीन 76 आर भरते. इथे दस्तात काहीच चुकलेले नाही. दोघांनी सातबाऱ्याचे क्षेत्र लिहिले होते. चूक असेल तर बांधात, शेजाऱ्याच्या कुंपणात किंवा मूळ दप्तरातल्या क्षेत्रात. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी, हद्द कायम करणे, गरज पडल्यास शेजाऱ्याशी दावा, असा मार्ग असतो. ‘पाच आर कमी आहे तर दुरुस्तीत शेजारच्या गटातले पाच आर लिहून द्या’ असा आग्रह खरेदीदार धरतात. ती दुरुस्ती होत नाही. ती नवीन जमिनीची विक्री आहे, आणि तिला नवे खरेदीखत आणि त्यावर पूर्ण मुद्रांक लागतो. जमिनीचा तुकडा पडत असेल तर तुकडेबंदीच्या अटीही लागू होतात. चूक दुरुस्ती दस्ताच्या पांघरुणाखाली जास्त जमीन दिली-घेतली, तर पुढे तो दस्त न्यायालयात टिकणे कठीण होते.

दुसरी बाजू सही देत नसेल तर

सगळ्यांच्या नशिबी समजूतदार वारस नसतात. कोणी सांगतो, ‘आता भाव वाढलाय, वरचे पैसे द्या मग सही करतो.’ कोणी सरळ म्हणतो, ‘दस्त 274 चा आहे, जा तिकडे आणि घ्या जमीन.’

अशा वेळी उपाय आहे तो दिवाणी न्यायालयात. विशिष्ट अनुतोष अधिनियम, 1963 च्या कलम 26 प्रमाणे, फसवणुकीमुळे किंवा दोन्ही पक्षांच्या चुकीमुळे दस्तात खरा हेतू उतरला नसेल, तर न्यायालय तो दस्त दुरुस्त करण्याचा हुकूम देऊ शकते. यात ‘दोन्ही पक्षांची चूक’ हे शब्द महत्त्वाचे. एकाने मनात एक धरले आणि दुसऱ्याने दुसरे, तर ही दुरुस्ती मिळत नाही. दोघांचा हेतू एकच होता आणि कागद चुकला, हे सिद्ध करावे लागते. म्हणूनच जुना सातबारा, चतुःसीमा, चेकचा तपशील, पिकाच्या नोंदी, शेतसाऱ्याच्या पावत्या जपून ठेवायच्या.

दोन मर्यादा आहेत आणि त्या दोन्ही वेळेशी बांधलेल्या आहेत. पहिली, दाव्याला सर्वसाधारणपणे तीन वर्षांची मुदत. चुकीच्या कारणावरच्या दाव्यात ती चूक कळल्यापासून, किंवा थोडी काळजी घेतली असती तर कळली असती त्या दिवसापासून मोजली जाते. चूक कळल्यावर ‘बघू, पोरे मोठी झाली की करू’ म्हणून थांबलो, तर ते थांबणेच आपल्या विरुद्ध जाते. दुसरी, ज्या तिसऱ्या माणसाने मधल्या काळात सद्हेतूने, पैसे देऊन हक्क मिळवला असेल, त्याला बाधा येईल अशी दुरुस्ती न्यायालय देत नाही. वारसांनी गट 247 कोणाला विकला असता आणि तो घेणारा खरोखर अनभिज्ञ असता, तर शिक्षकांची वाट फार अवघड झाली असती. त्यांना वाचवले ते भावाच्या नांगराने. पंधरा वर्षे त्या शेतात त्यांचे पीक उभे होते, आणि तिथे येणारा कोणीही ते पाहून विचारल्याशिवाय राहिला नसता.

दोन्ही कागद एका दोऱ्यात

या व्यवहारात शेवटी दस्त झाला. नागपूरच्या लेकीने तिथे कुलमुखत्यारपत्र करून दिले, आई आणि दोन भाऊ कार्यालयात आले, आणि फेरफाराला कोणाची हरकत आली नाही. पण शिक्षकांना मी एक गोष्ट दोनदा सांगितली असती, आणि तीच सगळ्यांना सांगतो.

चूक दुरुस्ती दस्त एकट्याने काही सांगत नाही. त्यात फक्त ‘274 ऐवजी 247’ असे आहे, आणि जमिनीचा हक्क अजून 2008 च्या खरेदीखतातच आहे. म्हणून दोन्ही मूळ दस्त, दोन्हींच्या इंडेक्स टू आणि प्रमाणित फेरफार एकत्र शिवून ठेवा, वेगळ्या फायलीत नको. उद्या जमीन विकताना घेणाऱ्याला दोन्ही द्या आणि त्याच्या खरेदीखतात दोन्ही दस्तांचे क्रमांक लिहायला सांगा. नाहीतर वीस वर्षांनी कोणाच्या तरी हाती फक्त पहिलेच खरेदीखत येईल, त्यावर 274 दिसेल, आणि तो मनुष्य पुन्हा त्याच ओढ्याकाठी उभा राहून आपली जमीन शोधत बसेल.